प्लॉट विकला, अर्धा नफा मिसेसच्या रिटर्नमध्ये दाखवला, आणि आता स्क्रूटिनी

ताई, नमस्कार. मी डिचोलीला राहतो, प्रायव्हेट कंपनीत नोकरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबांच्या वाटणीतून आलेला प्लॉट ८० लाखांना विकला. आमच्या सीएने गोव्याच्या कायद्याप्रमाणे अर्धा नफा माझ्या आणि अर्धा मिसेसच्या रिटर्नमध्ये दाखवला, दोघांनी टॅक्स भरला. जूनमध्ये मला १४३(२) ची नोटीस आली, आता १४२(१) खाली १४ प्रश्न आलेत. प्लॉटबद्दल विचारलंय आणि सेव्हिंग खात्यात वर्षभरात ११ लाख ४० हजार कॅश भरली त्याबद्दल पण. ती बरीचशी माझीच काढलेली कॅश होती, घराच्या कामासाठी, पण काम रखडलं म्हणून परत भरली. मार्चमध्ये भरलेल्या २ लाख ७० हजारांत आईने दिलेले दीड लाख आहेत, थोडे काजूचे. आम्ही काही लपवलं नाही मग मलाच का पकडलं? आणि उत्तर लिहायचं कसं? १५ दिवस दिलेत, त्यातले ६ गेले.

— डिचोलीहून एक वाचक

नमस्कार. आधी पोर्टलवर जाऊन नोटिशीवरचा डीआयएन नंबर तपासून घ्या, होमपेजवरच Authenticate Notice/Order Issued by ITD असा पर्याय आहे, नोटीस खरी असेल तर तिथे लगेच दिसते. खरीच असणार, पण हल्ली खोट्या मेल इतक्या फिरतायत की हे दोन मिनिटांचं काम सोडू नका.

आता जूनची नोटीस परत उघडा. बहुतेक लोक पहिलं पान वाचून घाबरतात आणि बंद करतात, पण तिच्यासोबत कुठल्या मुद्द्यांसाठी रिटर्न निवडला ते लिहिलेलं असतं आणि स्क्रूटिनी लिमिटेड आहे की कम्प्लीट हेही असतं. तुम्ही जे सांगताय त्यावरून दोनच मुद्दे असावेत, जमीन विक्री आणि कॅश डिपॉझिट. लिमिटेड असेल तर अधिकाऱ्याला वरिष्ठांची मंजुरी घेतल्याशिवाय बाकीच्या विषयांत शिरता येत नाही, म्हणजे तुमच्या उत्तराचा ८० टक्के जोर कुठे हवा ते त्या एका पानावरून ठरतं. १४ प्रश्नांतले निम्मे, बँक खात्यांची यादी द्या, कुटुंबात कोण कोण, उत्पन्नाचे स्रोत काय, हे सगळ्यांनाच येणारे ठरलेले प्रश्न असतात. त्यांना दोन-दोन ओळी पुरतात.

तुम्हालाच का, याचं उत्तर सरळ आहे आणि त्यात तुमच्यावर कोणाचा राग वगैरे काही नाही. निवड कॉम्प्युटर करतो, त्याला कॅस म्हणतात. सब-रजिस्ट्रार ऑफिसने ८० लाखांचा व्यवहार कळवला, घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस म्हणजे ८० हजार तुमच्या पॅनवर भरले, त्यामुळे तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडे तुमच्या पॅनवर जमलेल्या माहितीच्या पत्रकात, विक्री दिसते ८० लाख. रिटर्नमध्ये तुम्ही दाखवली ४० लाख. मशीनला एवढंच कळतं की निम्मी रक्कम गायब. दुसरीकडे एका वर्षात सेव्हिंग खात्यात १० लाख किंवा जास्त कॅश भरली की बँक ते कळवतेच, तुमची ११ लाख ४० हजार आहे, म्हणजे तीही गेली. बाकी उरलेले ४० लाख मिसेसच्या पॅनवर अगदी नीट दाखवलेले आहेत हे मशीनने जोडून बघितलं नाही.

आणि इथेच गोव्याच्या माणसाची खरी अडचण सुरू होते. असेसमेंट आता फेसलेस आहे, नोटीस नॅशनल फेसलेस असेसमेंट सेंटरकडून येते, तुमचं उत्तर कोण वाचणार, कुठल्या राज्यात बसलेला, ते तुम्हाला कळत नाही. पणजीच्या ऑफिसात जाऊन "साहेब, आमच्याकडे असं असतं" म्हणायची सोय संपली. इथे लग्न झालं की मालमत्ता दोघांची हे आपल्याला लहानपणापासून माहीत, पण वाचणाऱ्याने उत्पन्न नवरा-बायकोत वाटणारं आयकराचं कलम ५ए आयुष्यात एकदाही लावलेलं नसेल असं धरूनच लिहा. मी एका कुटुंबाचं प्रकरण हातात घेतलं होतं, त्यांच्या आधीच्या उत्तरात "उत्पन्न कलम ५ए प्रमाणे विभागले आहे" एवढी एकच ओळ होती आणि सोबत एकही कागद नव्हता. सगळा नफा नवऱ्याच्या नावे धरायचा प्रस्ताव आला. नंतर मॅरेज सर्टिफिकेट, बायकोचा रिटर्न, सेल डीड असं सगळं जोडलं तेव्हा तो प्रस्ताव मागे गेला, पण त्या तीन महिन्यांत घरातल्या माणसांची झोप गेली ती गेलीच.

म्हणून उत्तराच्या सुरुवातीला, प्रश्न क्रमांक १ च्याही आधी, अर्ध्या पानाची पार्श्वभूमी लिहा. तुम्ही गोव्यातले, लग्न अमुक तारखेला अमुक तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलं, लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा कुठलाही करार केला नव्हता, त्यामुळे तुम्हा दोघांना कम्युनियन ऑफ अॅसेट्सची पद्धत लागू आहे. आयकर कायद्याचं कलम ५ए म्हणतं की अशा जोडप्याचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरायचं आणि दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं दाखवायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणून तुमचा पगार पूर्ण तुमच्याकडे आहे आणि प्लॉटचा नफा व बँकेचं व्याज निम्मं. वाटणी तुमच्या मर्जीवर नाही, कायद्यानेच ती सांगितली आहे, हे एक वाक्य स्पष्ट लिहा कारण बाहेरच्या माणसाला हे टॅक्स वाचवायची युक्ती वाटते. व्याजाचं मात्र रिटर्नमध्ये खरंच अर्धं केलंय का बघून घ्या, प्लॉट निम्मा आणि एफडीचं व्याज सगळं एकाच्या नावे असं असेल तर तुमच्या सगळ्या मांडणीवर शंका येते.

मग त्याला पुरावे. मॅरेज सर्टिफिकेट. सेल डीड, आणि त्यात मिसेसची सही असलेलं पान वेगळं दाखवून द्या, गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला अशी जमीन विकता येत नाही आणि ती सहीच तुमचा सगळ्यात बोलका साक्षीदार आहे. वाटणीचा इन्व्हेंटरीचा कागद, एक-चौदाचा उतारा. तुमच्या रिटर्नमधलं शेड्यूल ५ए, ज्यात मिसेसचा पॅन आणि तिच्या वाट्याची रक्कम असते. मिसेसचा पूर्ण आयटीआर, पावती आणि तिने भरलेल्या टॅक्सचं चलन. तुमच्या दोघांच्या बाबतीत हे सगळं आहे म्हणून मला काळजी नाही, पण हे वाचणाऱ्या ज्या घरात बायकोने रिटर्नच भरला नाही त्यांनी नोटिशीची वाट बघू नये, ५ए सांगून अर्धं उत्पन्न तिच्याकडे दाखवायचं आणि तिचा रिटर्नच नाही हे टिकत नाही. तिचा अपडेटेड रिटर्न भरता येतो, जादा टॅक्स लागतो, तरी भरावा.

यापुढचा कागद म्हणजे जुळवणीचा तक्ता, एकाच पानाचा. पहिल्या ओळीत एआयएसमधली विक्री ८०,००,०००. त्याखाली खरेदीची किंमत. प्लॉट वारशाने आलाय म्हणून बाबांची खरेदी तुमची खरेदी धरली जाते, आणि बाबांनी तो २००१ च्या आधी घेतलेला असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत घेता येते. समजा व्हॅल्युअरने ती ६ लाख काढली असेल, तर २०२३-२४ चा महागाईचा इंडेक्स ३४८ आहे:

```
600000 × 348 ÷ 100 = 2088000
8000000 − 2088000 = 5912000
5912000 ÷ 2 = 2956000
```

म्हणजे तुमच्या रिटर्नमध्ये विक्री ४० लाख, किंमत १० लाख ४४ हजार, नफा २९ लाख ५६ हजार, आणि मिसेसच्या रिटर्नमध्ये अगदी हेच आकडे. शेवटच्या ओळीत दोघांची बेरीज परत ८० लाख होते हे दिसलं पाहिजे. सहा लाखांचा आकडा तुमचा नाही, तुमच्या व्हॅल्युएशन रिपोर्टमधला घाला. तो रिपोर्ट जोडताना एक गोष्ट बघा, २००१ ची सरकारी स्टॅम्प ड्युटीची किंमत उपलब्ध असेल तर तुमची बाजारभावाची किंमत तिच्यापेक्षा जास्त धरता येत नाही, व्हॅल्युअरने काहीही लिहिलं तरी. हा प्रश्न ते विचारतातच.

टीडीएसचं पण याच तक्त्यात. ८० हजार तुमच्या पॅनवर जमा आहेत पण उत्पन्न निम्मं दाखवलं तर क्रेडिटही निम्मंच, ४० तुमचे ४० मिसेसचे. रिटर्नमधलं टीडीएसचं शेड्यूल आज रात्रीच उघडून बघा. तुमच्या सीएने पूर्ण ८० हजार तुम्हालाच घेतले असतील तर ती चूक आहे, आणि ती त्यांनी शोधण्याआधी तुम्हीच उत्तरात लिहा, की इथे ४० हजार जास्त घेतले गेले आणि ते कमी करायला माझी हरकत नाही. अशी एक चूक स्वतःहून मान्य केलेली असली की बाकीच्या पानांवर विश्वास बसतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आता कॅश. मला तुमच्या फाइलमध्ये याची जास्त काळजी वाटते कारण प्लॉटला कागद आहेत, कॅशला फक्त तारखा असतात. "घरी ठेवलेले पैसे परत भरले" या वाक्याला किंमत शून्य, तारीखवार कॅश-फ्लो लागतो: आधीची शिल्लक, काढले, खर्च झाले, भरले, उरले. आणि उरलेला आकडा कुठल्याही तारखेला शून्याच्या खाली जाता कामा नये. खाली गेला की त्या दिवशी भरलेले पैसे आले कुठून हा प्रश्न उभा राहतोच.

तुमचं पासबुक माझ्यासमोर नाही म्हणून नमुना करून दाखवते. समजा १ एप्रिल २०२३ ला घरात ६० हजार होते. मे मध्ये ४ लाख काढले, जूनमध्ये ३ लाख ५० हजार, झाले ८ लाख १० हजार. चिऱ्यांसाठी ९० हजार दिले, पावसात काम थांबलं, घरखर्चाला कॅशमधून ८० हजार गेले, उरले ६ लाख ४० हजार. नोव्हेंबरात ६ लाख २० हजार भरले, उरले २० हजार. डिसेंबरात मिसेसच्या खात्यातून २ लाख ८० हजार काढले, झाले ३ लाख, जानेवारीत २ लाख ५० हजार भरले, उरले ५० हजार, त्यातले २० हजार घरखर्चाला, उरले ३० हजार. इथपर्यंत सगळं बसतं. मग ४ मार्चला भरले २ लाख ७० हजार, आणि हातात आहेत फक्त ३० हजार. तीनही भरणे मिळून तुमचे ११ लाख ४० हजार होतात, पण खरा प्रश्न एवढ्या मोठ्या रकमेचा नाहीच, तो फक्त या मार्चमधल्या २ लाख ४० हजारांचा आहे. तक्ता केल्याशिवाय हे कळत नाही, आणि लोक ११ लाखांच्या भीतीने काहीबाही लिहून बसतात.

काढलेल्या आणि भरलेल्या प्रत्येक रकमेपुढे बँक स्टेटमेंटचं पान लिहा. काम का रखडलं त्याचा कागद जोडा, पंचायतीकडे दिलेला अर्ज, चिरेवाल्याची पावती, कंत्राटदाराचं कोटेशन, काहीही त्या काळातलं. आत्ता लिहून घेतलेलं पत्र नको, त्या वेळचा कागद हवा. आणि घरखर्च शून्य दाखवू नका, सहा महिने कॅश हातात होती आणि एक रुपया खर्च झाला नाही हे कोणी मानत नाही.

आता आईचे दीड लाख. आईने मुलाला दिलेल्या पैशांवर टॅक्स नाही, आणि एका माणसाकडून एका दिवसात कॅशमध्ये २ लाख किंवा जास्त घ्यायला बंदी आहे त्याच्या आत तुम्ही आहात, तेव्हा अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. आईंची पेन्शन येत असेल, पोस्टात किंवा बँकेत पासबुक असेल, तर त्यांनी मार्चच्या आधी कधी किती काढले ते दाखवणारी पानं, त्यांचं आधार-पॅन आणि मी माझ्या मुलाला इतके दिले असं साधं अॅफिडेव्हिट. पासबुकमध्ये काढलेलंच दिसत नसेल तर नुसतं अॅफिडेव्हिट दुबळं पडतं.

काजूबद्दल तुमच्याशी अगदी स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे कॅश सांगता आली नाही की प्रत्येक जण बागायतीचं नाव घेतो. मार्चमधल्या २ लाख ४० हजारांतून आईंचे दीड लाख वजा केले की नमुन्यातल्या हिशोबाने हे ९० हजार होतात. ४ मार्चला गोव्यात काजू कुठे नुकता हाताला लागायला लागतो, पीक खरं एप्रिल-मे मध्ये, तेव्हा मार्च २०२४ मध्ये भरलेले पैसे त्या हंगामाचे म्हणून सांगितले तर तारीखच तुमच्या विरुद्ध बोलेल. २०२३ च्या हंगामाचे असतील तर तक्त्यात ते मे २०२३ मध्ये आलेले दाखवा आणि तिथून पुढची सगळी शिल्लक तेवढ्याने वाढवत आणा. सोबत काजूची झाडं असलेल्या जमिनीचा एक-चौदा, आणि बी ज्याला घातली त्या सोसायटीचं किंवा व्यापाऱ्याचं बिल, वजनाची चिठ्ठी. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये दाखवायचं असतं, तुमच्या रिटर्नमध्ये ते नसेल तर राहून गेलं असं सरळ लिहा. आणि हे कागद नसतील, किंवा मनाशी तुम्हालाच माहीत असेल की हे काजूचे नाहीत, तर काजू हा शब्द उत्तरात लिहूच नका. पटलं नाही तर ती रक्कम हिशोब नसलेले पैसे म्हणून कलम ६९ए खाली धरतात आणि त्यावर सरचार्ज-सेस धरून ७८ टक्के लागतात, ९० हजारांवर ७० हजार २०० रुपये, वर दंड वेगळा. हे फार आहे, मला मान्य आहे. पण खोटी बाग दाखवून ती उघडी पडली तर त्याच फाइलमधल्या ८० लाखांच्या खऱ्या व्यवहाराकडेही त्याच नजरेने बघितलं जातं, तो धोका ७० हजारांपेक्षा कितीतरी मोठा.

उत्तराची मांडणी त्यांच्याच नंबरांप्रमाणे करा. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा उतरवायचा, खाली तुमचं उत्तर, उत्तराच्या शेवटी कुठला अॅनेक्शर आणि कितवं पान. लागू नसलेल्या प्रश्नापुढे सुद्धा "लागू नाही, कारण" असं लिहा, रिकामा सोडलेला प्रश्न परत नवीन नोटीस घेऊन येतो. फाइलची नावं वाचून कळतील अशी:

```
00_Reply_Index.pdf
01_Sec5A_Marriage_Cert.pdf
02_SaleDeed_Inventory.pdf
03_Reconciliation_AIS_ITR.pdf
04_Spouse_ITR.pdf
05_CashFlow_BankStmt.pdf
```

एक फाइल ५ एमबीच्या वर जाऊ देऊ नका, सेल डीड स्कॅन करताना रंगीत नको, काळं-पांढरं करा, पण शिक्के आणि सह्या वाचता येतायत ना ते प्रिंट काढून बघा. सगळी कपाटं रिकामी करून दहा वर्षांची स्टेटमेंट टाकू नका, विचारलेल्या वर्षाचंच द्या.

पोर्टलवर Pending Actions मध्ये e-Proceedings, तिथे त्या १४२(१) समोर Submit Response. आता नऊ दिवस उरलेत. आईंचं पासबुक किंवा व्हॅल्युएशन रिपोर्ट वेळेत मिळणार नसेल तर मुदत संपायच्या दोन दिवस आधीच Seek Adjournment करून कारण लिहा, आणि जे तयार आहे ते Partial Response म्हणून घालून टाका, प्लॉटचा भाग तर या आठवड्यात जाऊ शकतो. Full Response फक्त सगळं पूर्ण झाल्यावरच निवडा. काहीच न देता तारीख गेली तर एका नोटिशीमागे १० हजार दंड होऊ शकतो आणि अधिकारी स्वतःच्या अंदाजाने ऑर्डर काढायला मोकळा होतो. सबमिट झाल्यावर येणारी पावती आणि तुम्ही घातलेल्या सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा.

तुमच्या वर्षाची असेसमेंट ३१ मार्च २०२६ पर्यंत संपवावी लागते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत परत एखादी नोटीस येईल, मेल आणि पोर्टल दोन्ही दर दोन-तीन दिवसांनी बघत जा. उत्पन्नात वाढ करायची असेल तर आधी शो-कॉज येतो, त्यात वाढीचा आकडा असतो. तो आला तर लेखी उत्तरासोबतच व्हिडिओ कॉन्फरन्सने म्हणणं मांडायची मागणी करा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्या कॉलवर मिसेसनाही शेजारी बसवा, मॅरेज सर्टिफिकेट आणि तो एका पानाचा तक्ता हातात ठेवा, आणि पहिली दोन मिनिटं फक्त ५ए वर बोला, प्लॉटचं मग.

आईंना मात्र आजच फोन करून पासबुक कुठे आहे ते विचारा. पोस्टातून जुन्या नोंदी काढायला वेळ लागतो.